नऊ फोन, एक नाटक आणि दोन IMG_4417

एका हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगाचं चित्रीकरण नऊ जणांनी आपापल्या फोनवर केलं होतं. दुपारी रंगीत तालीम आणि संध्याकाळी प्रयोग, दोन्ही एकाच दिवशी. संकलन करणारी माझी मैत्रीण दोन दिवस कामाला लागलेली होती आणि पहिल्या अंकाचा कच्चा कट तिने जवळपास जुळवत आणला होता. लॅपटॉपची जागा संपली म्हणून तिने सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं, प्रोजेक्ट उघडला, क्लिपा सापडत नाहीत अशी चौकट आली तेव्हा डिस्कवरचा फोल्डर दाखवला आणि सॉफ्टवेअरने बाकीच्या क्लिपा आपोआप शोधून जोडल्या. मग तिने मला फोन केला.

"अरे, नायिका प्रवेश करते तिथे आता मेकअपची खोली दिसतेय. मी काहीच बदललेलं नाही."

तिने खरंच काही बदललं नव्हतं. तिच्या डिस्कवर IMG_4417.MOV नावाच्या दोन फायली होत्या, दोन वेगळ्या आयफोनच्या. एकीत नायिकेचा प्रवेश होता, दुसरीत मेकअपची खोली.

नाव म्हणजे ओळख नव्हे

आयफोन क्लिपेला IMG_ आणि चार आकडे असं नाव देतो. आकडे 9999 ला पोचले की पुन्हा 0001 पासून मोजणी सुरू. म्हणजे दोन फोन वर्षभर वापरात असले तर त्यांचे आकडे कधी ना कधी एकमेकांवर येणारच. इतर अनेक फोन नावात तारीख आणि वेळ घालतात, जसं 20240317_190502.mp4. हे जास्त सुरक्षित वाटतं, पण दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं तर तिथेही टक्कर होते. आणि नाटकात ती नेमकी कधी होते? पडदा उघडताना. सगळे त्याच क्षणाची वाट बघत अंगठा रोखून बसलेले असतात.

क्लिपा वेगवेगळ्या फोल्डरांत असल्या तर आयात करताना काहीच बिघडत नाही, कारण संकलनाचं सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपेचा पूर्ण मार्ग लक्षात ठेवतं. म्हणून माणूस निर्धास्त राहतो. घोळ पुढे होतो, तो मार्ग तुटतो तेव्हा. मग सॉफ्टवेअर नावावरून शोध घेतं. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या क्लिपेला स्वतःचा टाइमकोड असतो, त्यामुळे नाव सारखं असलं तरी दुसरी खूण शिल्लक राहते. फोनच्या क्लिपेला सहसा टाइमकोडच नसतो, प्रत्येक क्लिप 00:00:00:00 पासून सुरू झाल्यासारखी दिसते. उरतं फक्त नाव, आणि त्या नावाची जी फाइल आधी सापडेल ती जोडली जाते.

यातली वाईट गोष्ट म्हणजे ही चूक बहुतेक वेळा मुकी असते. चुकीची क्लिप बरोबर क्लिपेपेक्षा लांब असेल तर कटात वापरलेला तुकडा तिच्यातही मिळतो, आणि तक्रार करायला सॉफ्टवेअरला काही कारण उरत नाही. क्लिप आखूड असेल तर निदान ती गायब असल्याची पाटी तरी दिसते. मैत्रिणीला मेकअपची खोली दिसली म्हणून कळलं. दोन्ही क्लिपा रंगमंचाच्याच असत्या तर प्रेक्षकांनाही कळलं नसतं, आणि कटात अशा तीन जागा नंतर सापडल्याच. प्रॉक्सी बनवताना हाच प्रकार होतो: सगळ्या हलक्या प्रती एकाच फोल्डरात पडतात, दुसरी IMG_4417 पहिलीवर लिहिली जाते, आणि संकलन एका चित्रावर होऊन अंतिम फाइल दुसऱ्याच चित्राची निघते.

कुठली नावं एकाहून जास्त ठिकाणी आहेत हे टर्मिनलमध्ये एका ओळीत कळतं. यात मोठ्या-लहान लिपीचा फरक मुद्दाम मोडीत काढला आहे, कारण विंडोज आणि मॅक दोन्हीकडे .MOV आणि .mov साधारणपणे एकच धरलं जातं.

```
find . -type f | sed 's|.*/||' | sort -f | uniq -di
```

375 आणि 347

नावांची यादी बघताना माझं लक्ष तिच्या फोल्डरांकडे गेलं. जे चार जण प्रत्यक्ष येऊन केबलने क्लिपा देऊन गेले त्यांचे स्वतंत्र फोल्डर होते. बाकी पाच जणांच्या क्लिपा कुणी पेन ड्राइव्हवर दिल्या, कुणी क्लाउडवर टाकल्या, कुणी मेसेजने पाठवल्या. त्या सगळ्या 'इतर' नावाच्या एका फोल्डरात गेल्या होत्या. मी विचारलं, "कॉपी करताना 'याच नावाची फाइल आधीच आहे' असं काही विचारलं होतं का?" ती म्हणाली, "एकदा आलं होतं. मला वाटलं तीच क्लिप परत आलीय, म्हणून 'सगळ्यांना लागू' टिचकवून Replace केलं."

नऊ जणांना फोन करून एकच प्रश्न विचारला: त्या दिवशीचे तुमच्या फोनमधले व्हिडिओ किती? बेरीज आली 347. डिस्कवर मात्र 375 व्हिडिओ फायली. आकडा जास्तच होता, म्हणून काही गहाळ झालं असेल अशी शंका आत्तापर्यंत कुणालाच आली नव्हती.

जास्तीच्या फायली कुठून आल्या? तीन आयफोनवाल्यांनी त्या दिवशी फोटोही काढले होते, आणि लाइव्ह फोटो चालू असला की प्रत्येक फोटोबरोबर सुमारे तीन सेकंदांची एक .MOV असते. तिचं नाव फोटोचंच असतं: IMG_4402.HEIC शेजारी IMG_4402.MOV. फोनवर ती व्हिडिओ म्हणून दिसत नाही, पण केबलने कॉपी केली की वेगळी फाइल होऊन येते. अशा 38 निघाल्या. शिवाय तीच क्लिप दोनदा आलेली, नावामागे (1) लागलेली, अशा नऊ. त्या डोळ्यांनी ओळखायच्या नसतात. फाइलच्या आतल्या मजकुरावरून हॅश काढला की एकाच मजकुराचा हॅश एकच येतो, नाव काहीही असो.

```
find . -type f -exec sha256sum {} + | sort > hash.txt
```

मॅकवर sha256sum नसेल तर त्या जागी `shasum -a 256` लिहायचं. यादी क्रमाने लावली की सारखे हॅश एकाखाली एक येतात.

375 मधून 38 आणि नऊ वजा केले की 328. म्हणजे 19 क्लिपा गेल्या होत्या. 17 आयफोनच्या एकमेकांवर लिहिल्या गेलेल्या, आणि दोन 20240317_ अशा नावांच्या, एकाच सेकंदाला सुरू झालेल्या.

म्हणून 'इतर' फोल्डर दुरुस्त करायचा नाद सोडला आणि त्या पाच फोनांच्या क्लिपा मुळापासून पुन्हा मागवल्या. त्यातल्या एकाने जागा करायला सगळं पुसलं होतं. पण आयफोन पुसलेल्या गोष्टी 'Recently Deleted' मध्ये 30 दिवस ठेवतो आणि प्रयोगाला बाराच दिवस झाले होते.

नवीन नावं, पण अर्धा कट न मोडता

फोनांना क्रमांक दिले, F01 ते F09, आणि प्रत्येक फायलीच्या नावापुढे तो जोडला. मूळ नाव जसंच्या तसं मागे ठेवलं.

```
cd F01
for f in *; do mv -n "$f" "F01_$f"; done
```

`-n` मुळे आधीच्या फाइलवर काही लिहिलं जात नाही. हीच ओळ चुकून दोनदा चालवली तर F01_F01_ असं नाव होतं. कुरूप दिसतं, नुकसान काही नाही.

पुष्कळ जण या टप्प्यावर क्लिपांना थेट वेळेवरून नावं देतात. 190014_F01 असं नाव फोल्डरात छान रांगेत बसतं. मी ते टाळतो. वेळ बरोबर आहे की नाही हे अजून तपासलेलं नाही, आणि उद्या ती चुकीची ठरली तर नाव पुन्हा बदलावं लागेल, म्हणजे पुन्हा दुवे तुटणार. फोन कुणाचा हे मात्र कधी बदलत नाही. शिवाय मूळ नाव राहिलं तर फोनच्या मालकाला "तुमची IMG_4417 परत पाठवा" असं सांगता येतं.

आता अडचण अर्ध्या झालेल्या कटाची. नावं बदलली म्हणजे सगळेच दुवे तुटणार, आणि 'इतर' मधली एखादी क्लिप F02 ची की F03 ची हे नावावरून कळण्याची सोय नव्हती. इथे हॅश पुन्हा उपयोगी पडला. जुन्या, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कवर पहिली प्रत अजून होती. जुन्या प्रतीचा हॅश नव्या F02 आणि F03 मध्ये शोधायचा, जिथे सापडेल तो फोन खरा.

पहिल्या फेरीत F02 ची एकही क्लिप जुळली नाही. तासभर मी स्वतःच्या यादीत चूक शोधत बसलो. कारण फोनमध्ये होतं. आयफोनच्या फोटोंच्या सेटिंगमध्ये संगणकावर पाठवण्यासाठी 'Automatic' आणि 'Keep Originals' असे दोन पर्याय असतात. पहिल्यात फोन पाठवता पाठवता क्लिपेचं स्वरूप बदलू शकतो. चित्र तेच दिसतं, पण बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा. आधीच्या वेळी पेन ड्राइव्हवर मूळ फायली आल्या होत्या, या वेळी बदललेल्या. पर्याय 'Keep Originals' वर आणून पुन्हा कॉपी केल्यावर सगळ्या जुळल्या. म्हणून हॅश जुळला तर फाइल नक्की तीच असते. न जुळला तर मात्र ती दुसरीच क्लिप आहे असं धरून चालत नाही.

जुना मार्ग आणि नवा मार्ग अशी दोन रकान्यांची यादी तयार झाली. क्लिपा हलवण्याच्या आधीचा, म्हणजे दुवे शाबूत असलेला प्रोजेक्ट जुन्या डिस्कवरून उघडला आणि XML म्हणून बाहेर काढला. त्यात प्रत्येक क्लिपेचा मार्ग असा लिहिलेला असतो:

```
<pathurl>file://localhost/.../F01/IMG_4417.MOV</pathurl>
```

यादीतल्या प्रत्येक जोडीसाठी जुन्याच्या जागी नवा मार्ग बदलून घेतला आणि XML परत आयात केली. 'इतर' हे देवनागरी नाव तिथे `%E0%A4%87%E0%A4%A4%E0%A4%B0` असं दिसतं, हे ध्यानात न घेतल्यामुळे पहिल्या वेळी त्या फोल्डरातलं काहीच बदललं नाही. XML मधून सगळं परत येतं असं नाही. शीर्षकं, रंगसंगती, काही परिणाम वाटेत गळतात. इथे फक्त कट होते म्हणून चाललं. काम पुढे गेलेलं असतं तर मी दुवे हाताने, एका वेळी एकाच फोनचा फोल्डर दाखवत जोडले असते आणि आपोआप शोधण्याचा पर्याय बंद ठेवला असता.

एकाच क्लिपेच्या तीन वेळा

नावांचा प्रश्न मिटला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "F04 वाल्याने प्रयोग शूटच केला नाही वाटतं. त्याच्याकडे फक्त तालीम आहे." F04 वाला शपथेवर सांगत होता की तो दोन्ही अंक पहिल्या रांगेत बसून घेत होता.

क्लिपेला वेळ तीन ठिकाणी चिकटलेली असते आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एक, फाइल-प्रणालीतली तारीख, जी फोल्डरात दिसते. ती कॉपी करताना, झिपमधून काढताना, डाउनलोड करताना बदलू शकते, म्हणून मी तिच्याकडे बघतही नाही. दोन, नावातली वेळ. तीन, फायलीच्या आत लिहिलेली वेळ. नियमाप्रमाणे MP4 आणि MOV मधली ही आतली वेळ म्हणजे 1 जानेवारी 1904 पासून मोजलेले सेकंद, तेही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. एखाद्या क्लिपेची तारीख 1904 दिसली तर समजावं की तिथे शून्य आहे, म्हणजे वेळ लिहिलेलीच नाही.

फायलींच्या आतली माहिती वाचणाऱ्या exiftool या साधनाने सगळ्या फोनांच्या वेळा एका तक्त्यात काढल्या:

```
exiftool -r -csv -FileName -CreateDate -CreationDate -Duration . > vel.csv
```

इथे CreateDate म्हणजे आतली यूटीसी वेळ. CreationDate हा रकाना आयफोनच्या क्लिपांत भरलेला असतो आणि त्यात स्थानिक वेळ फरकासकट मिळते, `19:00:14+05:30` अशी. आमच्याकडे स्थानिक वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे होती.

F04 च्या क्लिपांची नावं PXL_ ने सुरू होत होती, उदाहरणार्थ PXL_20240317_133012345.mp4. या पद्धतीच्या नावातली वेळ यूटीसी असते. बाकी फोनांच्या नावांत स्थानिक वेळ, यातच यूटीसी. नावानुसार रांग लावली तेव्हा संध्याकाळी सात वाजताची क्लिप दुपारी दीडला जाऊन बसली. दुपारी दीडला रंगीत तालीम चालू होती. वेशभूषा तीच, नेपथ्य तेच, प्रकाशयोजना तीच. चूक पचून जायला याहून चांगली जागा नाही. क्लिप पहाटे तीनला जाऊन पडली असती तर कुणीही ओळखली असती. इथे ती इतकी साजेशी बसली की मैत्रिणीने सगळा प्रयोग 'तालीम' नावाच्या बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कप्प्यात, टाकला. आवाज ऐकला असता तर लगेच कळलं असतं: तालमीत कोण हसतं?

दुसरा फरक सूक्ष्म आहे. F05 मधली 20240317_190502.mp4 ही क्लिप 14 मिनिटं 20 सेकंदांची. नाव सांगतं 19:05:02. आतली वेळ 13:49:23, म्हणजे स्थानिक 19:19:23. सव्वाचौदा मिनिटांहून थोडा जास्त फरक आणि क्लिपेची लांबीही तेवढीच, हा योगायोग नव्हे. हा फोन नाव देतो रेकॉर्डिंग सुरू होताना आणि आतली वेळ लिहितो फाइल बंद करताना. F06 आणि F07 तसेच निघाले. आयफोनांची आतली वेळ मात्र सुरुवातीची होती. दोन्ही प्रकार आतल्या वेळेवरून एकत्र लावले की काही फोनांच्या क्लिपा आपापल्या लांबीएवढ्या पुढे सरकतात. आखूड क्लिपेला दहा सेकंद, लांब क्लिपेला पाव तास. घड्याळाची चूक सगळ्या क्लिपांना सारखी असते, ही प्रत्येक क्लिपेला वेगळी असते, आणि त्यावरूनच ती ओळखू येते. तपासायला प्रत्येक फोनची सर्वांत लांब क्लिप घ्यावी, तिथे फरक लपत नाही.

तिसरी घंटा

आता उरली घड्याळं. वेळ नेटवर्कवरून आपोआप घेणारे फोन एकमेकांशी बहुधा सेकंद-दोन सेकंदांत जुळतात. हाताने लावलेल्या घड्याळाचा भरवसा नाही. ताडून बघायला असा क्षण हवा जो सगळ्यांच्या क्लिपांत आहे आणि ज्याची जागा नेमकी दाखवता येते. नाटकात तो तयारच असतो: तिसरी घंटा. तिसरी, कारण पहिल्या दोन घंटांना निम्मे लोक खुर्च्या शोधत होते.

रीत सोपी. क्लिप सुरू झाल्याची वेळ घ्यायची, घंटा क्लिपेत कितव्या सेकंदाला वाजते ते आवाजाच्या आलेखावर बघायचं आणि बेरीज करायची. F01 ची क्लिप 18:57:41 ला सुरू, घंटा 2 मिनिटं 33 सेकंदांवर: 19:00:14. F05 ची 18:59:50 ला सुरू, घंटा पंचविसाव्या सेकंदाला: 19:00:15. F04 ची वरचीच क्लिप, साडेपाच तास मिळवून 19:00:12, घंटा दुसऱ्या सेकंदाला: 19:00:14. तीन वेगळ्या फोनांनी एकच वेळ सांगितली, म्हणून ती खरी धरली.

F07 ची क्लिप 19:03:02 ला सुरू झालेली आणि घंटा 1 मिनिट 22 सेकंदांवर, म्हणजे 19:04:24. घड्याळ 4 मिनिटं 10 सेकंद पुढे. एवढ्यावर थांबायचं नसतं. प्रयोगाच्या अखेरीस सगळे दिवे एकदम गेले तो दुसरा क्षण घेतला. इतरांकडे 21:22:40, F07 कडे 21:26:50. तेच 4 मिनिटं 10 सेकंद. म्हणजे मध्ये कुणी घड्याळाला हात लावला नव्हता आणि एकच दुरुस्ती सगळ्या क्लिपांना चालणार होती. क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला साधारण दीड-दोन सेकंद सरकू शकतं, एका संध्याकाळीत ते जाणवत नाही. दोन खुणांमध्ये काही सेकंदांहून मोठा फरक आला तर घड्याळ मध्येच बदललं आहे असं समजावं.

F09 मध्ये तेच झालं होतं. तो सिम नसलेला जुना फोन, बंद पडून सुरू झाला की तारीख 1 जानेवारी 2015, रात्री बारा. VID_20150101_021805 या क्लिपेत घंटा चाळिसाव्या सेकंदाला वाजली, म्हणजे त्याच्या मते 02:18:45. खरी वेळ 19:00:14. दिवस सोडून दिले तर फरक 16 तास 41 मिनिटं 29 सेकंद. शेवटच्या अंधाराला त्याचं घड्याळ 01:05:12 दाखवत होतं, म्हणजे फरक 20 तास 17 मिनिटं 28 सेकंद. आधी मला वाटलं बेरीज चुकली. मग लक्षात आलं की घड्याळ शून्यापासून सुरू होत असल्यामुळे हा फरक म्हणजेच फोन चालू केल्याची खरी वेळ. एकदा 16:41:29 ला, आणि मग 20:17:28 ला. मालकाला विचारलं. मध्यंतरात बॅटरी संपली होती, चार्जर लावून परत सुरू केला. त्याच्या क्लिपांचे दोन गट केले आणि प्रत्येकाला आपली दुरुस्ती लावली. नावावरून रांग लावली असती तर दुसरा अंक पहिल्याच्या आधी जाऊन बसला असता, कारण दोन्ही गट त्याच मध्यरात्रीपासून मोजले जात होते.

दुरुस्त्या मूळ फायलींत लिहू नयेत. आम्ही एक छोटा तक्ता ठेवला: फोन, नावातली वेळ यूटीसी की स्थानिक, आतली वेळ सुरुवातीची की शेवटची, घड्याळाचा फरक. त्यावरून प्रत्येक क्लिपेची खरी सुरुवात वेगळ्या रकान्यात काढली. फायलीतच वेळ हवी असेल तर प्रतीवर असं लिहिता येतं:

```
exiftool "-QuickTime:CreateDate-=0:4:10" F07_prat
```

exiftool प्रत्येक जुनी फाइल `_original` जोडून शेजारी ठेवतो. चार मिनिटांच्या दुरुस्तीसाठी फोल्डर दुप्पट होतो, तेवढी जागा आधी बघून ठेवावी.

सेकंदाच्या आत

आतली वेळ पूर्ण सेकंदांत असते. तीस फ्रेमच्या व्हिडिओत एका सेकंदाची चूक म्हणजे तीस फ्रेम, ओठ आणि शब्द यांच्यात चांगलीच दरी. म्हणून वेळेचं काम क्लिप योग्य परिसरात नेऊन ठेवणं एवढंच. टाइमलाइनची सुरुवात 18:30:00:00 ला लावली, प्रत्येक फोनला एक पट्टी दिली आणि क्लिपा तक्त्यातल्या वेळेवर ठेवल्या. मग शेवटचा सेकंद आवाजाच्या आलेखावरून जुळवला. नुसत्या आवाजावरून सॉफ्टवेअर तीनशे क्लिपा जुळवायला बसलं तर ते खूप वेळ घेतं आणि टाळ्यांना टाळ्या जोडून मोकळं होतं. क्लिप खऱ्या जागेपासून एक-दोन सेकंदांवर असली की चुकायला वाव राहत नाही.

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. वीस मीटर मागे बसलेल्याच्या फोनवर संवाद जवळजवळ दोन फ्रेम उशिरा पोचतो, आणि आवाज जुळवला की त्याचं चित्र तेवढंच लवकर दिसतं. आम्ही ते तसंच सोडलं.

F06 ची एक लांब क्लिप सुरुवातीला अचूक बसली आणि शेवटी अर्ध्या सेकंदाने सुटली. ही वेळेच्या शिक्क्याची चूक नाही, त्याने सगळी क्लिप सारखीच सरकते. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि संकलनाचं सॉफ्टवेअर तो ठरावीक धरून चालतं. स्थिर वेगाची प्रत बनवून वापरली आणि क्लिप जागेवर आली.

F08 च्या क्लिपा मात्र मेसेजच्या अ‍ॅपमधून आल्या होत्या. VID-20240317-WA0007.mp4 अशा नावात तारीख आहे पण वेळ नाही, शेवटचा आकडा निव्वळ क्रमांक आहे. क्लिप पुन्हा दाबून लहान केलेली, आतली चित्रीकरणाची वेळ पुसलेली. इथे गणित चालत नाही. मालकिणीकडून मूळ फायली डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवल्या तेव्हा 14 पैकी 11 मिळाल्या, तीन तिने पुसल्या होत्या. त्यातल्या दोन संवादांवरून जागेवर बसवल्या. तिसरीत बारा सेकंद पडद्यामागचा अंधार आणि कुणाची तरी कुजबुज आहे. ती अजून 'वेळ माहीत नाही' नावाच्या बिनमध्ये आहे.

परत मिळालेल्या 19 क्लिपांमध्ये एकाच सेकंदाला सुरू झालेल्या दोन्ही होत्या. त्यातली एक F06 ची, डाव्या विंगेजवळून घेतलेली. नायिकेच्या प्रवेशाला मैत्रिणीने आता तीच वापरली आहे.